माया पंचांगातील तारखा आणि बाक्यांचे गणित

एखाद्या संख्येला दोन-तीन भाजकांनी भागल्यावर किती बाकी उरते हे माहीत असेल, तर मूळ संख्या कोणती, हा अंकगणितातला फार जुना प्रश्न आहे. भाजक सहमूळ असतील, म्हणजे त्यांचा मसावि १ असेल, तर उत्तर नेहमी मिळते आणि ते शोधण्याची ठरलेली रीत पाठ्यपुस्तकांत असते. भाजकांना सामाईक विभाजक असला की ही रीत अडते. काही वेळा उत्तरच नसते, आणि असले तरी नेहमीच्या सूत्राने ते हाती लागत नाही. मध्य अमेरिकेतील माया लोकांचे पंचांग हे अशा अडलेल्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आहे.

माया पंचांगात दोन चक्रे एकाच वेळी फिरतात. त्सोल्किन हे २६० दिवसांचे चक्र १ ते १३ हे अंक आणि दिवसांची २० नावे यांच्या जोड्यांनी बनते. हाब हे ३६५ दिवसांचे वर्ष असून त्यात २० दिवसांचे १८ महिने आणि अखेरचे ५ दिवस येतात. महिन्यातले दिवस शून्यापासून मोजतात. पंचांगाचा आरंभदिन ‘४ अहाऊ ८ कुमकू’ असा लिहिला जातो. त्यातला पहिला भाग त्सोल्किनचा आणि दुसरा हाबचा. मेक्सिकोतील तोर्तुगेरो येथील सहाव्या क्रमांकाच्या शिलालेखात ‘४ अहाऊ ३ कानकिन’ हा दिवस कोरलेला आहे. रूढ जुळणीप्रमाणे ही तारीख २१ डिसेंबर २०१२ येते. आरंभदिनापासून किती दिवसांनी असा दिवस येऊ शकतो, हा इथला प्रश्न आहे.

दोन्ही तारखांचा त्सोल्किन भाग ‘४ अहाऊ’ असाच आहे. त्यामुळे मधल्या दिवसांच्या संख्येला २६० ने भागल्यावर बाकी शून्य उरली पाहिजे. हाबमध्ये ८ कुमकू हा वर्षारंभापासून ३४८ वा, तर ३ कानकिन हा २६३ वा दिवस आहे (वर्षाचा पहिला दिवस शून्य धरून). ३४८ पासून पुढे मोजत वर्ष ओलांडून २६३ पर्यंत जायला २८० दिवस लागतात. म्हणून त्याच संख्येला ३६५ ने भागल्यावर बाकी २८० उरली पाहिजे. २६० आणि ३६५ यांचा मसावि ५ आहे. सहमूळ भाजकांच्या रीतीत २६० चा असा गुणक शोधावा लागतो, की गुणाकाराला ३६५ ने भागल्यावर बाकी १ उरावी. २६० च्या कोणत्याही पटीला ३६५ ने भागले तरी बाकी ५ च्या पटीतच येणार, त्यामुळे असा गुणक अस्तित्वातच नाही.

इथे आयडियल ही कल्पना कामी येते. जर्मन गणिती रिचर्ड डेडेकिंट यांनी ती १८७१ मध्ये मांडली. पूर्णांकांच्या ज्या संचातील कोणत्याही दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी त्याच संचात राहते, आणि संचातील संख्येला कोणत्याही पूर्णांकाने गुणले तरी गुणाकार संचाबाहेर जात नाही, तो संच म्हणजे आयडियल. ५ च्या सर्व पटी, धन, ऋण आणि शून्य धरून, हा एक आयडियल आहे आणि तो (५) असा लिहितात. पूर्णांकांतला प्रत्येक आयडियल असाच कोणत्या तरी एका संख्येच्या पटींचा असतो. आयडियलमध्ये शून्याखेरीज काही असेल, तर त्यातली सर्वांत लहान धन संख्या घ्यावी आणि तिने संचातल्या दुसऱ्या कोणत्याही संख्येला भागावे. बाकी ही संचातल्याच संख्यांची वजाबाकी असल्याने तीही संचात असते, आणि ती भाजकापेक्षा लहान असते. सर्वांत लहान धन संख्या आधीच हाती असल्याने बाकी शून्यच असावी लागते. ही सिद्धता दोन ओळींची आहे, पण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

दोन आयडियलांपासून नवे आयडियल दोन प्रकारे मिळतात. एकातील संख्या आणि दुसऱ्यातील संख्या यांच्या सर्व बेरजा घेतल्या की बेरीज-आयडियल मिळतो. तो मसाविच्या पटींचा असतो, म्हणून (२६०) + (३६५) = (५). दोन्हींत सामाईक असलेल्या संख्या घेतल्या की छेद मिळतो. तो लसाविच्या पटींचा असतो, म्हणून (२६०) ∩ (३६५) = (१८९८०). १८,९८० दिवस म्हणजे हाबची ५२ वर्षे किंवा त्सोल्किनच्या ७३ फेऱ्या. माया पंचांगाचे ५२ वर्षांचे प्रसिद्ध चक्र ते हेच. भाजकांचा सरळ गुणाकार करून ९४,९०० दिवसांचे चक्र धरणे ही इथली नेहमीची चूक आहे. खरे चक्र त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे असते.

बाकीची अट म्हणजे सरकवलेला आयडियल. ‘३६५ ने भागल्यावर बाकी २८०’ ही अट पाळणाऱ्या सर्व संख्या म्हणजे (३६५) मधील प्रत्येक संख्येत २८० मिळवून झालेला संच. पहिल्या अटीचा संच (२६०) हाच आहे. दोन्ही अटी पाळणाऱ्या संख्या हव्या असतील, तर या दोन संचांचा छेद घ्यावा. सामाईक संख्या असेल, तर ती एकीकडून २६० ची पट आणि दुसरीकडून २८० अधिक ३६५ ची पट असते. म्हणजेच २८० ही संख्या २६० ची एक पट आणि ३६५ ची एक पट यांची बेरीज म्हणून लिहिता आली पाहिजे, दुसऱ्या शब्दांत ती (५) मध्ये असली पाहिजे. कसोटी एवढीच आहे की दोन बाक्यांमधला फरक मसाविने निःशेष भागला जावा. २८० ला ५ ने भाग जातो, म्हणून उत्तर आहे. ‘४ अहाऊ ४ कानकिन’ असा दिवस मागितला असता तर बाकी २८१ झाली असती, आणि तो दिवस कधीच आला नसता. अहाऊ नावाचा दिवस हाब महिन्याच्या ३, ८, १३ किंवा १८ या अंकांवरच पडतो. झिजलेल्या शिलालेखावर अहाऊपुढे महिन्याचा अंक ४ वाचला गेला, तर वाचन तरी चुकले आहे किंवा कोरणाराची चूक आहे, हे लगेच कळते.

उत्तर काढायला मसावि दोन भाजकांच्या पटींत लिहावा लागतो. त्यासाठी पुन्हा पुन्हा भागाकार करतात. ३६५ मधून २६० गेले की १०५ उरतात. २६० मधून १०५ दोनदा गेले की ५० उरतात. १०५ मधून ५० दोनदा गेले की ५ उरतात. याच पायऱ्या उलट चढल्या की ५ = ५ × ३६५ − ७ × २६० मिळते. आर्यभटांनी ४९९ च्या आर्यभटीयात सांगितलेल्या कुट्टक पद्धतीचा गाभाही हाच भागाकारांचा क्रम आहे. ब्रह्मगुप्तांच्या एका उदाहरणात ६, ५, ४ आणि ३ यांनी भागल्यावर अनुक्रमे ५, ४, ३ आणि २ बाकी उरणारी संख्या विचारली आहे. तेथेही भाजक सहमूळ नाहीत, आणि उत्तर ५९ आहे.

२८० म्हणजे ५ च्या ५६ पटी, म्हणून वरच्या समीकरणाला ५६ ने गुणावे. २८० = २८० × ३६५ − ३९२ × २६० असे मिळते. बाजू बदलून पाहिले तर −३९२ × २६०, म्हणजे −१,०१,९२०, ही संख्या २६० ची पट आहे आणि २८० मधून ३६५ ची पट वजा केल्यानेही तीच येते. ती दोन्ही संचांत आहे. तिच्यात १८,९८० च्या सहा पटी मिळवल्या की ११,९६० हे सर्वांत लहान धन उत्तर मिळते. पडताळा सोपा आहे: ११,९६० म्हणजे २६० च्या ४६ पटी, आणि ३६५ च्या ३२ पटी वजा केल्यावर २८० उरतात. बाकीची सर्व उत्तरे ११,९६० मध्ये १८,९८० च्या पटी मिळवून येतात. २०१२ ची तारीख आरंभदिनापासून १८,७२,००० दिवसांवर आहे, म्हणजे ११,९६० अधिक १८,९८० च्या ९८ पटी.

एवढ्याने ती तारीख एकमेव ठरत नाही, कारण ५२ वर्षांनी तेच नाव परत येते. मायांचे ८१९ दिवसांचे आणखी एक चक्र होते. आपल्या तारखेसाठी ते तिसरी अट देते: ८१९ ने भागल्यावर बाकी ५८५. पहिल्या दोन अटींच्या जागी आता ‘१८,९८० ने भागल्यावर बाकी ११,९६०’ ही एकच अट आहे, त्यामुळे पुन्हा दोनच संचांचा छेद घ्यायचा आहे. १८,९८० आणि ८१९ यांचा मसावि १३ आहे. ११,९६० आणि ५८५ यांचा फरक ११,३७५ म्हणजे १३ च्या ८७५ पटी, म्हणून कसोटी पार पडते. आधीच्याच रीतीने १८,९८० च्या ३५ पटी मिळवाव्या लागतात आणि ६,७६,२६० हे उत्तर येते. नवे चक्र ११,९५,७४० दिवसांचे, म्हणजे सुमारे ३,२७४ वर्षांचे आहे. ६,७६,२६० मध्ये ते एकदा मिळवले की नेमके १८,७२,००० होतात.

तीन अटी असताना प्रत्येक जोडी वेगळी तपासली तरी पुरते. २६० आणि ३६५, २६० आणि ८१९, ३६५ आणि ८१९ या जोड्या जुळल्या की तिन्ही अटी एकत्र नक्की जुळतात. तिसरी अट जोडताना फरक छेदाच्या आणि (८१९) च्या बेरजेत असावा लागतो, आणि पूर्णांकांत ((२६०) ∩ (३६५)) + (८१९) हा आयडियल ((२६०) + (८१९)) ∩ ((३६५) + (८१९)) याच्याशी समान असतो. एकेका मूळ संख्येचा घातांक पाहिला तर कारण समजते. बेरजेत लहान घातांक राहतो, छेदात मोठा, आणि ‘लहान निवडणे’ व ‘मोठा निवडणे’ या क्रिया एकमेकींवर वितरित होतात.

ही सोय सगळीकडे मिळत नाही. x आणि y या दोन चलांच्या बहुपदींत असा बहुपदी शोधावा की x ने भागल्यावर बाकी शून्य, y ने भागल्यावर बाकी शून्य, आणि (x − y) च्या पटींपुरता तो x शी समान. अटींची प्रत्येक जोडी वेगळी घेतली तर जुळते. पण पहिल्या दोन अटींमुळे बहुपदी xy ची पट असावा लागतो, आणि y च्या जागी x ठेवला की तो x² ची पट होतो, x होत नाही. तेथे तिन्ही अटी एकत्र पाळणारा एकही बहुपदी नाही, म्हणून दोन चलांच्या बहुपदींत केवळ जोड्या तपासून उत्तर असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.