सायरनचा सूर का उतरतो?

रुग्णवाहिका जवळ येताना सायरन चढ्या सुरात ऐकू येतो आणि ती समोरून निघून जाताच सूर एकदम उतरतो. गाडीतल्या रुग्णाला मात्र हा बदल जाणवत नाही, कारण सायरन त्याच्यासोबतच धावत असतो.

समजा, सायरन सेकंदाला १००० ध्वनिलहरी सोडतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून गाडी उभी असताना दोन लहरींत ३४ सेंटिमीटर अंतर राहते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी मात्र पुढची लहर सोडेपर्यंत २ सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. त्यामुळे तिच्यापुढे लहरी दाटून हे अंतर ३२ सेंटिमीटर होते आणि मागे ताणून ३६. जवळ येताना कानावर सेकंदाला सुमारे १०६० लहरी पडतात, दूर जाताना सुमारे ९४५. म्हणजे सूर ‘रे’वरून ‘सा’वर यावा इतका उतरतो.

१८४२ मध्ये ख्रिस्तियन डॉप्लर यांनी मांडलेले हे तत्त्वच डॉप्लर सोनोग्राफीत वापरतात. धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या लहरींचा सूर बदलतो. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत रक्त वेगाने धावते, तिथे हा बदल मोठा दिसतो आणि अडथळ्याची जागा कळते.