बिलातल्या पाच पैशांची चाचणी

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये १२ च्या जागी ५ लिहिले की काम संपत नाही. जुना दर पुसायचा नसतो. तो २१ तारखेपर्यंत लागू होता, अशी नोंद ठेवावी लागते. २० तारखेला विकलेले औषध २५ तारखेला परत आले, तर कर १२ टक्क्यांनीच परत करावा लागतो.

म्हणून पहिली चाचणी सीमेवर घ्यावी : २१ च्या रात्री ११:५९ चे एक बिल आणि १२:०० चे एक. इथे एक चूक हमखास सापडते. सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर चालत असेल, तर ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. रात्रभर उघड्या असणाऱ्या मेडिकलमध्ये पहाटे दोनला केलेल्या बिलावर मग जुनाच दर लागतो.

घाऊक व्यवहारात नुसती बिलाची तारीखही पुरत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १४ माल, बिल आणि पैसे या तिन्हींच्या तारखा पाहते; तिन्हींपैकी दोन ज्या बाजूला, तो दर. बिल २० तारखेचेच, पण माल २० ला गेला आणि पैसे २५ ला आले, तर जुना दर. त्याच तारखेच्या बिलाचा माल २३ ला गेला आणि पैसे २५ ला आले, तर नवा. चाचणीत या दोन्ही जोड्या हव्यात.

आता पैशांकडे वळू. बिलात दहा औषधे आहेत, प्रत्येकाची करपूर्व किंमत ३३ रुपये. केंद्राचा कर अडीच टक्के, म्हणजे ओळीला साडेब्याऐंशी पैसे. प्रत्येक ओळ ८३ पैशांवर नेली, तर दहा ओळींचे ८ रुपये ३० पैसे होतात. आधी ३३० ची बेरीज करून कर काढला, तर ८ रुपये २५ पैसे. राज्याचा कर तेवढाच असल्याने एकूण बिल ३४६.६० किंवा ३४६.५० येते. दुकानदार दोन्ही ३४७ वर नेतो आणि फरक झाकला जातो. तो महिनाअखेरीस विवरणपत्र जुळवताना वर येतो. म्हणून चाचणीने अंतिम रकमेवर न थांबता कराचा प्रत्येक रकाना तपासावा.

नमुन्याच्या किमतीही जाणून निवडाव्यात. ४० रुपयांवर अडीच टक्के म्हणजे नेमका एक रुपया. तिथे दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात. अर्धा पैसा उरेल अशीच रक्कम चूक दाखवते. पायथनमध्ये `round(82.5)` चे उत्तर ८३ नव्हे, ८२ येते, कारण ती भाषा अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते.

कर ओळीवर पूर्णांकात आणायचा की बेरजेवर, हे आधी लिहून ठरवावे आणि अपेक्षित आकडे हाताने काढावेत. ते त्याच सॉफ्टवेअरमधून उचलले, तर चाचणी चुकीलाच बरोबर ठरवते.