आज रात्रपाळीला प्रमाणपत्रधारक कोण आहे?

कारखान्यात अपघात झाला की पहिली काही मिनिटं डॉक्टरची नसतात. ती प्रथमोपचार पेटीजवळ उभ्या असलेल्या माणसाची असतात. म्हणूनच 1948 च्या कारखाने कायद्याच्या 45व्या कलमाने दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी ठेवायला सांगितली. प्रत्येक पेटी प्रथमोपचाराचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या वेगळ्या माणसाच्या ताब्यात असावी आणि कामाच्या सर्व वेळेत तो हाताशी असावा, असंही त्यात म्हटलं. सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचं हे प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं; पुढे पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं.

या नोंदी आता बहुतेक मोठ्या कारखान्यांत ईआरपीच्या एचआर मॉड्यूलमध्ये असतात. तरीही रात्रपाळी प्रमाणपत्राविना चालू राहू शकते. हे कसं होतं, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, एका कारखान्यात 360 कामगार आहेत. 120 जणांच्या अ, ब आणि क अशा तीन तुकड्या दर आठवड्याला पाळी बदलतात. प्रत्येक पाळीला एक पेटी, म्हणजे एकूण तीन प्रमाणपत्रधारक लागतात. फेब्रुवारी 2023 मध्ये शिबिर झालं आणि सात जण उत्तीर्ण झाले. एचआरच्या अहवालात आकडा येतो सात. तीनच्या जागी सात, म्हणून सगळे निर्धास्त.

आता ही सात नावं उलगडून पाहू. दोघे नोकरी सोडून गेले, पण अहवाल प्रशिक्षणाच्या यादीवरून निघतो, चालू कर्मचाऱ्यांच्या यादीवरून नाही. त्यामुळे ते अजून मोजले जातात. एकाची बदली ऑफिसात, जनरल शिफ्टला झाली. उरलेल्या चौघांपैकी तिघे अ तुकडीत, एक ब तुकडीत. क तुकडीत कोणीच नाही. म्हणजे दर तिसऱ्या आठवड्याला, क तुकडी रात्रपाळीला आली की पेटी आहे, पण ती हाताळणारा प्रशिक्षित माणूस नाही.

दुसरी गफलत तारखेची. सॅपमध्ये कर्मचाऱ्याची पात्रता इन्फोटाइप 0024 मध्ये नोंदवतात आणि तिला सुरुवातीची व शेवटची अशा दोन तारखा असतात. शेवटची तारीख कोणी मुद्दाम भरली नाही, तर तिथे 31.12.9999 राहू शकते. संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र मग कधीच संपत नाही, आणि मुदत संपणाऱ्यांच्या यादीत ते नाव येतच नाही. यावर साधा उपाय आहे: पात्रतांच्या यादीतच ‘प्रथमोपचार’ या नोंदीला तीन वर्षांची मुदत लावून ठेवायची, म्हणजे शेवटची तारीख आपोआप पडते. जुन्या नोंदींसाठी 9999 वर संपणारी सगळी प्रमाणपत्रं एकदा काढून मूळ कागदाशी ताडून घ्यावी लागतात.

तिसरी गोष्ट आठवणीची. सॅपच्या इन्फोटाइप 0019 मध्ये कामाची तारीख आणि आठवण देण्याची तारीख टाकता येते. पण ती नोंद स्वतःहून कोणाला हाक मारत नाही. कोणीतरी तिचा अहवाल काढावा लागतो, किंवा ई-मेल जाण्याची सोय करून घ्यावी लागते. ती ई-मेल एका व्यक्तीच्या नावे न लावता पदाच्या नावे लावावी. माणूस बदलला तरी आठवण चुकत नाही. ती किती आधी यावी, हे शिबिर ठरवायला लागणाऱ्या वेळेवरून ठरवावं. प्रशिक्षक मिळणं, पाळीतून माणसं मोकळी करणं, परीक्षा, प्रमाणपत्र हाती येणं, यात दोन महिने जात असतील, तर 30 दिवस आधीची सूचना उशिराचीच म्हणायची.

आपल्या उदाहरणातल्या सातही जणांची मुदत फेब्रुवारी 2026 मध्ये एकाच वेळी संपते. शिबिर तीन आठवडे पुढे गेलं, तर तितके दिवस अख्ख्या कारखान्यात एकही वैध प्रमाणपत्र नसतं. म्हणून प्रत्येक तुकडीत दोन, असे सहा जण नेमावेत. दुसरा असला की रजेची सोय होते. प्रत्येक जोडीतल्या एकाचं प्रशिक्षण दीड वर्ष पुढे-मागे ठेवावं, म्हणजे एकाची मुदत संपली तरी दुसऱ्याची चालू असते.

यालाही एक मर्यादा आहे. ठेकेदाराचे कामगार बऱ्याचदा कंपनीच्या पगारपत्रकावर नसतात, त्यामुळे एचआर मॉड्यूलमध्येही नसतात. रात्री त्यांचीच संख्या जास्त असेल, तर त्यांच्या प्रमाणपत्रांची नोंद ठेवण्याची वेगळी सोय करायलाच हवी.

ज्यांच्या हातात हे मॉड्यूल आहे, त्यांनी ‘किती जणांकडे प्रमाणपत्र आहे’ हा अहवाल बाजूला ठेवावा. पात्रतेची नोंद, चालू कर्मचाऱ्यांची यादी आणि पाळीचा तक्ता एकत्र जोडून दर आठवड्याला एकच यादी काढावी: कोणत्या पाळीत वैध प्रमाणपत्र असलेलं कोण आहे. जी ओळ रिकामी दिसेल, तिथे त्या आठवड्याची पाळी सुरू होण्याआधी माणूस द्यावा.