मोबाइलच्या स्पीकरवर ऊबदार निवेदन

मोबाइलमधल्या स्पीकरचा पडदा जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचा असतो आणि त्याच्यामागे हवेला हलायला जागा जवळजवळ नसतेच. त्यामुळे खालचे, खर्जातले स्वर त्याला पेलत नाहीत. साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज झपाट्याने गळू लागतो आणि १५० हर्ट्झच्या आसपास जवळपास काहीच ऐकू येत नाही. उलट २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात हे स्पीकर बहुधा मुळातच जरा कर्कश बोलतात. हेडफोनवर भारदस्त वाटलेले निवेदन मोबाइलवर किरकिरे आणि पोकळ का होते, याचे उत्तर याच दोन गोष्टींत आहे.

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, स्त्रीचा १६५ ते २५५च्या. म्हणजे कथा वाचणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर मोबाइलमधून बाहेर पडतच नाही. तरीही ऐकणाऱ्याला आवाज पुरुषाचाच, आणि तोही ढाल्या पट्टीतला, असल्याचे कळते. मूळ स्वर ११० हर्ट्झचा असेल, तर त्याच्याबरोबर २२०, ३३०, ४४०, ५५० असे पटीतले उपस्वर निघत असतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार कानावर येतो, तो यांपैकी पाचपटीचा. वरचे उपस्वर ऐकू आले की मेंदू त्यांच्यामधल्या ११०च्या अंतरावरून गायब झालेला मूळ स्वर स्वतःच उभा करतो. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टा जाई. तरी घरातल्या कर्त्या माणसाचा घोगरा आवाज पहिल्या ‘हॅलो’लाच ओळखू येई, तो याच कारणाने.

यातून निघणारा निष्कर्ष बऱ्याच जणांच्या सवयीच्या उलट आहे. मोबाइलवरची ऊब खर्जात नसते. ती साधारण ३०० ते ६०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या उपस्वरांत असते. ‘आवाज पातळ वाटतो’ म्हणून ईक्यूमध्ये १२० हर्ट्झ सहा डेसिबलने वर चढवला, तर मोबाइलवर काहीच फरक पडत नाही. पडलाच तर उलटा पडतो, कारण ऐकू न येणारा हा खर्ज रेकॉर्डिंगमधली जागा खातो, पुढच्या कॉम्प्रेसरला विनाकारण दाबायला लावतो आणि ऐकू येणारा भागच बारीक होतो.

म्हणून ईक्यूचे पहिले काम काढून टाकण्याचे. ‘हाय-पास फिल्टर’ पुरुषाच्या आवाजासाठी ८० हर्ट्झवर, स्त्रीच्या आवाजासाठी १०० हर्ट्झवर लावला की पंख्याची घरघर, टेबलाला बसलेला धक्का, रस्त्यावरच्या ट्रकची गुरगुर आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना माइकवर आदळणाऱ्या श्वासाचा बराचसा भाग निघून जातो. हा फिल्टर साखळीत सर्वांत आधी हवा. कॉम्प्रेसरच्या नंतर लावला, तर तोवर कॉम्प्रेसरने प्रत्येक ‘भ’च्या फटक्याला आवाज खाली ओढून झालेला असतो.

त्यानंतर खोलीचा दोष. उघड्या भिंतींच्या लहान खोलीत रेकॉर्ड केलेला आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, आणि तो डबा बहुधा २५० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी असतो. तो शोधायची रीत सोपी आहे. ईक्यूचा एक अरुंद पट्टा आठ डेसिबल वर उचलून या टापूत सावकाश फिरवायचा. जिथे आवाज एकदम घुमून कानाला नकोसा होतो, तिथे थांबून तोच पट्टा थोडा रुंद करून दोन-तीन डेसिबल खाली न्यायचा. इथे हात आखडता घेणे महत्त्वाचे. ‘३०० ते ४०० हर्ट्झ गढूळ असतो, कापून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मोठ्या स्पीकरपुरता तो खरा असेलही, पण मोबाइलवर ऊब तिथेच राहते. सहा-आठ डेसिबल कापले की हेडफोनवर आवाज स्वच्छ वाटतो आणि मोबाइलवर पत्र्याचा.

आता कॉम्प्रेसर. फाइल लहान करण्याशी याचा संबंध नाही. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की हा त्याला खाली दाबतो. रेडिओच्या बटणावर सतत बोट ठेवून बसलेल्या दक्ष माणसासारखे त्याचे काम. मराठी निवेदनाला त्याची गरज जरा जास्तच आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, नकारही बहुधा शेवटीच येतो, आणि वाचणाऱ्याचा श्वास नेमका तिथेच संपत आलेला असतो. ‘तो परत आला नाही’ यातला ‘नाही’ बुडाला, तर अर्थच उलटतो.

‘दार उघडं होतं, पण आत कोणीच नव्हतं’ हे वाक्य घेऊन हिशोब पाहू. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य ही वरची मर्यादा असते आणि सगळे आकडे तिच्या खाली, उणे असतात. समजा ‘दार’ची पातळी उणे ८ डेसिबल आहे आणि ‘नव्हतं’ची उणे २२. दोन्हींत १४ डेसिबलची दरी आहे, आणि सिलिंग फॅन चालू असलेल्या खोलीत मोबाइलवर ‘नव्हतं’ हरवतो. कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड, म्हणजे दाबायला सुरुवात करण्याची पातळी, उणे २० ठेवली आणि रेशो ३:१. ‘दार’ त्या पातळीच्या १२ डेसिबल वर आहे. तिनास एक या प्रमाणात ते १२चे ४ होतात, म्हणजे ‘दार’ उणे १६वर येतो. ‘नव्हतं’ पातळीच्या खालीच असल्याने त्याला कोणी हात लावत नाही. दरी १४वरून ६वर आली. आता ‘मेकअप गेन’ने सगळेच ८ डेसिबल वर उचलले की ‘दार’ पुन्हा उणे ८वर पोहोचतो आणि ‘नव्हतं’ उणे १४वर. शब्द आता ऐकू येतो.

पण त्याच आठ डेसिबलने खोलीतला गोंगाटही वर आला. तो आधी उणे ५८वर असेल तर आता उणे ५०वर आहे, आणि दोन वाक्यांमधल्या शांततेत तो कळतो. कॉम्प्रेसरची ही किंमत टळत नाही. म्हणून मीटरवरचा काटा सर्वांत मोठ्या शब्दांनाच आठपर्यंत जावा, एरवी तीन ते सहा डेसिबलमध्ये खेळावा. श्वास शब्दाइतकेच मोठे ऐकू येऊ लागले, तर दाब जास्त झाला असे समजावे.

उरलेली दोन बटणे वेळेची. ‘अटॅक’ म्हणजे दाबायला किती वेळात सुरुवात करायची. तो एक मिलिसेकंद ठेवला, तर ‘दार’मधला ‘द’ आणि ‘टोपी’मधला ‘ट’ यांचा टोकदार आरंभच दबतो आणि वाचन बोबडे वाटते. दहा-पंधरा मिलिसेकंदांत तो आरंभ निसटून पुढे जातो आणि स्वर तेवढा दाबला जातो. ‘रिलीज’ म्हणजे सोडायला लागणारा वेळ. ११० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट नऊ मिलिसेकंदांची असते. रिलीज वीस-तीसवर आणला तर कॉम्प्रेसर एकेका लाटेमागे धावू लागतो आणि आवाजाला खरखर येते. तो अर्ध्या सेकंदावर नेला, तर जोराच्या शब्दामागून येणारा हळू शब्द नाहक दबलेला राहतो. १०० ते १५० मिलिसेकंद बहुतेक निवेदनाला चालतात.

कॉम्प्रेसरमुळे आणखी एक गोष्ट होते, आणि ती मोबाइलवरच जास्त बोचते. स्वरांमध्ये ताकद जास्त, म्हणून ते दाबले जातात. ‘स’, ‘श’, ‘च’ यांचा सीत्कार बहुधा थ्रेशोल्डच्या खाली राहतो आणि मेकअप गेनबरोबर वर चढतो. ‘सासूबाईंनी साखर सांडली’ हे वाक्य कॉम्प्रेसरनंतर कानात टोचू लागते. म्हणून डी-एसर कॉम्प्रेसरच्या नंतर लावावा. तो साधारण ५,००० ते ८,००० हर्ट्झचा पट्टा तेवढ्या क्षणापुरता तीन-चार डेसिबल खाली करतो. जास्त दाबला तर ‘साखर’ची ‘थाखर’ होते. तिथून एक पायरी मागे यावे.

स्पष्टतेसाठी ३,००० हर्ट्झच्या आसपास रुंद पट्ट्याने एक-दोन डेसिबल वाढवायला हरकत नाही, कारण व्यंजनांची ओळख त्या भागातच पटते. मात्र मोबाइल तिथे आपल्या पदरचे काही घालतो. हेडफोनवर छान वाटेपर्यंत चढवले, तर ते मोबाइलवर दुप्पट होते. ऊब अजूनही कमी वाटली, तर ४०० हर्ट्झच्या आसपास दीड-दोन डेसिबल रुंद उठाव द्यावा, किंवा ‘सॅच्युरेशन’ची हलकी छटा द्यावी. सॅच्युरेशन मूळ स्वराचे नवे उपस्वर तयार करते आणि ते मोबाइलला ऐकवता येतात. ते वेगळे ओळखू येऊ लागले म्हणजे फार झाले.

शेवटी उणे १ डेसिबलवर लिमिटर, आणि एकूण पातळी स्टिरिओ फाइलसाठी उणे १६ LUFS, मोनोसाठी उणे १९. दोन्ही आकडे ऐकायला सारखेच पडतात, कारण मोनो फाइल दोन स्पीकरांतून वाजते. निवेदन मोनोच ठेवलेले बरे. डाव्या-उजव्या बाजूंच्या लाटा एकमेकींच्या उलट्या असल्या, तर दोन्ही बाजू एकाच स्पीकरमध्ये मिसळणाऱ्या फोनवर आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

तपासणी मात्र मोबाइलवरच व्हावी. फोनमधले आवाज सुधारणारे पर्याय बंद करून, आवाज अर्ध्यावर ठेवून, हातभर अंतरावरून, पंखा चालू असताना ऐकावे; एक फोन महागडा आणि एक स्वस्तातला असला तर उत्तम. न कळलेले शब्द कागदावर लिहावेत. ते वाक्याच्या शेवटचे असले तर थ्रेशोल्ड आणखी खाली हवा, आणि ऐकू येऊनही अक्षर ओळखता येत नसेल तर ईक्यूकडे वळावे. मूळ आणि सुधारित आवाजाची तुलना करताना दोन्ही एकाच पातळीवर आणावेत. नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो. आणि एकदा हेडफोनवरही ऐकावे, कारण खर्जातली घरघर मोबाइलवर लपते, श्रोत्याच्या इअरफोनमध्ये लपत नाही.

भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र ईक्यूने निघत नाही, आणि कॉम्प्रेसरने तो वाढतोच. तो मूळ रेकॉर्डिंगमध्ये ठळक असेल, तर बटणे फिरवत बसण्यापेक्षा वाचणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगाव्यात, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणावा आणि पुन्हा वाचून घ्यावे.