पुसट रेघ म्हणजे 'होय'

एका शाळेतल्या बाईंची गोष्ट घेऊ. सोमवारी दुपारी घसा खवखवू लागला, रात्री अंग तापलं. औषधाच्या दुकानातून कोविडचं घरगुती किट आणून लगेच चाचणी केली, तर एकच रेघ उमटली. म्हणजे निगेटिव्ह. मंगळवारी त्या निर्धास्तपणे शाळेत गेल्या. बुधवारी रात्री खोकला वाढला म्हणून दुसरं किट उघडलं. या वेळी दुसऱ्या रेघेच्या जागी, डोळे बारीक करून पाहिल्यावर दिसेल अशी फिकट गुलाबी छटा आली. घरात 78 वर्षांच्या सासूबाई. ही रेघ मोजायची की सोडून द्यायची?

त्याआधी ही पट्टी काय शोधते ते पाहू. नाकातला स्राव द्रवात ढवळून त्याचे थेंब पट्टीवर टाकले की तो द्रव टीपकागदावर शाई पसरावी तसा पुढे सरकतो. वाटेत रंगीत कण लावलेल्या अँटीबॉडी असतात. विषाणूचं प्रथिन, म्हणजे अँटिजेन, सापडलं की त्या त्याला चिकटतात आणि ही जोडी 'टी' रेघेपाशी अडकते. रंग दिसायला असे असंख्य कण एका जागी जमावे लागतात. 'सी' रेघ फक्त द्रव शेवटपर्यंत नीट पोहोचला एवढंच सांगते. ती उमटली नाही, तर चाचणी फुकट गेली असं समजून नवं किट घ्यायचं.

आरटी-पीसीआरची रीत वेगळी. तिथे विषाणूच्या आरएनएची आधी डीएनए प्रत केली जाते आणि मग ती यंत्रात पुन्हा पुन्हा दुप्पट केली जाते. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत वीस फेऱ्यांत एका प्रतीच्या दहा लाखांवर प्रती होतात, आणि फेऱ्या चाळीसपर्यंतही जातात. किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला, तो आकडा म्हणजे 'सीटी व्हॅल्यू'. आकडा जितका लहान, तितका नमुन्यात विषाणू जास्त.

म्हणजे दोन्ही चाचण्यांचे प्रश्नच निराळे आहेत. पीसीआर विचारते, विषाणूचा काही मागमूस आहे का? अँटिजेन चाचणी विचारते, नाकात आत्ता विषाणू भरपूर आहे का? म्हणूनच बरं झाल्यावरही पीसीआर कधीकधी काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहते, कारण विषाणूचे निर्जीव अवशेषही तिला सापडतात. अँटिजेन चाचणी त्याआधीच निगेटिव्ह होते, पण आजाराच्या सुरुवातीला तीच हुकते.

बाईंचं सोमवारी तेच झालं. लस किंवा आधीच्या संसर्गामुळे शरीर आता विषाणूला लवकर ओळखतं. त्यामुळे ताप आणि घसादुखी आधी येते आणि नाकातला विषाणू कळसाला पोहोचतो तो पुढच्या दोन-चार दिवसांत. सोमवारच्या निगेटिव्हचा अर्थ 'कोविड नाही' असा नव्हता, 'रेघ उमटण्याइतका विषाणू अजून नाही' एवढाच होता. म्हणून लक्षणं असताना पहिली चाचणी निगेटिव्ह आली, तर 48 तासांनी दुसरी करायची आणि तोवर मास्क लावून शक्यतो घरीच थांबायचं. भारतात 2021 साली घरगुती किटला परवानगी देताना आयसीएमआरने लक्षणं असलेल्या निगेटिव्ह व्यक्तीला लगेच आरटी-पीसीआर करायला सांगितलं होतं, त्यामागे हीच उणीव होती. घरात वयस्कर किंवा मधुमेही रुग्ण असेल, तर आजही हाच मार्ग बरा, कारण विषाणूविरोधी औषधं पहिल्या काही दिवसांतच द्यावी लागतात.

आता बुधवारची पुसट रेघ. किटवर सांगितलेल्या वेळेत, बहुतेक किटमध्ये 15 ते 20 मिनिटांत, ठरलेल्या जागी रंगीत रेघ आली तर ती कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच. रंगीत कण तिथे अडकले आहेत, आणि लक्षणं असताना ते उगाच अडकण्याची शक्यता फार कमी. फिकेपणामागे विषाणू नुकता वाढू लागलाय, आता ओसरतोय किंवा नाकातून नमुना नीट घेतला गेला नाही, यांपैकी काहीही असू शकतं. त्यामुळे 'फिकट म्हणजे थोडासाच कोविड' हा हिशेब चुकीचा. फसवी रेघ वेगळी असते. पट्टी टेबलावर तशीच राहिली आणि तासाभराने पाहिली, तर द्रव वाळल्याने राखाडी, रंगहीन ओरखडा दिसतो. तो मोजायचा नाही. यासाठी थेंब टाकताच घड्याळ लावावं आणि वेळेत पट्टीचा फोटो काढून ठेवावा.

बाईंची रेघ सतराव्या मिनिटाला दिसली होती आणि ती गुलाबी होती. शंका मिटवायला पीसीआरची गरज नव्हती. सासूबाईंची खोली वेगळी करायला आणि शाळेत कळवायला तेवढी छटा पुरेशी होती. शुक्रवारी त्यांनी पुन्हा चाचणी केली, तेव्हा तीच रेघ ठसठशीत उमटली.