३५ मिनिटांचा शब्द

मशीन लर्निंगच्या मुलाखतींत एक प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो: जेवण किती मिनिटांत पोचेल, हे सांगणारी यंत्रणा कशी बांधाल? अनेक उमेदवार घाईघाईने मॉडेलचं नाव घेतात. समोरच्याला मात्र आधी ऐकायचं असतं की घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं.

कोथरूडमधली बिर्याणीची एक काल्पनिक ऑर्डर घेऊ. स्वयंपाकघराला १८ मिनिटं, रायडरला हॉटेल गाठायला ७, तिथून सोसायटीपर्यंत १२, गेटवरची नोंद आणि लिफ्ट यांत ५. बेरीज ४२. पण बिर्याणी तयार होत असतानाच रायडर निघालेला असतो, म्हणून पहिल्या दोन आकड्यांतला मोठा तेवढा धरायचा. उत्तर ३५.

हे आकडे जुन्या नोंदींतून शिकायचे, आणि तिथेच खरी गोम आहे. गर्दीत ‘तयार’ बटण दाबायचं राहून जातं. रायडर कधी गेटवरूनच ‘पोचवलं’ दाबतो. म्हणून ही वेळ जीपीएसच्या खुणांशी ताडून घ्यावी लागते. शिवाय फार उशीर झालेल्या ऑर्डरी लोक रद्द करतात. त्या गाळल्या, तर सर्वांत वाईट संध्याकाळीच मॉडेलला दिसत नाहीत. आणखी एक सापळा म्हणजे ऑर्डर देताना ठाऊक नसलेली माहिती, उदाहरणार्थ रायडर प्रत्यक्षात कधी मिळाला, मॉडेलला देणं. मग चाचणीत गुण उत्तम आणि रस्त्यावर फजिती. चाचणीही पुढच्या आठवड्यांच्या ऑर्डरींवर घ्यावी. सगळ्या ऑर्डरी पिसून नव्हे.

आता मॉडेल. आधी त्या हॉटेलची त्या तासाची मध्यवर्ती वेळ हाच अंदाज धरावा. ग्रेडियंट बूस्टिंगने त्याला हरवलं नाही, तर गुंतागुंत वाढवण्यात अर्थ नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो चुकीचा हिशेब. जेवण लवकर आलं तर कुणी फारसं कुरकुरत नाही, उशिरा आलं की फोन सुरू. उशिराचं एक मिनिट लवकरच्या मिनिटाच्या चौपट महाग धरलं, तर १०० पैकी सुमारे ८० ऑर्डरी ज्या वेळेच्या आत पोचतील तीच वेळ दाखवणं हिताचं ठरतं. मध्यवर्ती अंदाज ३५ असला तरी पडद्यावर कदाचित ४१ येतील. फार ताणलं तर मात्र माणूस ऑर्डरच देत नाही.

यंत्रणा सुरू झाल्यावर पाहायचं तेही हेच: १०० पैकी ८० ऑर्डरी खरंच वेळेत पोचतात का? शहराची सरासरी इथे फसवते. शहरभर ८० टिकलेले असताना एखाद्या भागात पावसाळी शुक्रवारी रात्री ते ६० वर आलेले असू शकतात. म्हणून भाग, तास, हवामान असे तुकडे पाडून बघायचं. कधी मॉडेल ठीक असतं, पण पावसाची माहिती पुरवणारी सेवा अडकून दिवसभर शून्य पाठवत असते. तेव्हा मॉडेल नव्याने शिकवायला धावण्याआधी ती सेवा तपासायची आणि ती सुरू होईपर्यंत दाखवलेल्या वेळेत थोडी वाढ करायची.