दाराजवळची खुर्ची

ब्राऊन विद्यापीठात सत्र सुरू झालं की पहिले दोन आठवडे वर्गातल्या दाराजवळच्या खुर्च्या आधी भरतात. ह्या दिवसांना तिथं ‘शॉपिंग पिरियड’ म्हणतात. अर्धा तास एका वर्गात बसायचं, अभ्यासक्रमाचा कागद घ्यायचा आणि उठून पुढच्या वर्गात जायचं. पहिल्यांदा मी असा उठलो तेव्हा कान तापले होते. आपल्याकडे खडू बसला असता! प्राध्यापकांनी मात्र मानही वळवली नाही.

ही मोकळीक 1969 पासूनची. आयरा मॅगझिनर आणि एलियट मॅक्सवेल ह्या विद्यार्थ्यांनी खटपट केली, मोठा अहवाल लिहिला आणि विद्यापीठानं सर्वांसाठीचे सक्तीचे विषय काढून टाकले. पदवीला 30 विषय पुरे करायचे. लेखनाची अट आणि मुख्य विषयाच्या अटी सोडल्या, तर बाकी तुमची मर्जी. मुख्य विषय चौथ्या सत्रात जाहीर करायचा. नापास झालात, तर बाहेर दाखवायच्या गुणपत्रिकेवर त्या विषयाची नोंदच नसते.

पुढे मी नव्या मुलांना विषय निवडायला मदत करायचो. पुण्याचा एक मुलगा चौथ्या सत्राच्या तोंडावर आला. इजिप्तविद्या, सिनेमा, तत्त्वज्ञान असे 12 विषय आनंदानं केलेले, आणि आता म्हणे, इंजिनिअरिंग करायचंय. त्या पदवीचे साधारण 21 विषय ठरलेले; त्यातले ह्याचे झालेले दोन, म्हणजे 19 उरले. पाच सत्रं, दर सत्रात चार, म्हणजे 20 जागा. “दादा, बसतंय की!” मी कागदावर बाण काढायला लागलो. कॅल्क्युलसशिवाय पुढचं गणित नाही, त्या गणिताशिवाय यंत्रशास्त्र नाही, आणि काही विषय वर्षातून एकदाच शिकवतात. बाण उरलेल्या पाचही सत्रांच्या पलीकडे, थेट कागदाबाहेर गेले. तो बराच वेळ त्या कागदाकडेच बघत बसला.

त्याच वर्षी एक मुलगी जीवशास्त्र करायला आली होती. तिनं कॅल्क्युलस आणि रसायनशास्त्र पहिल्याच सत्रात उरकलं, आणि उरलेल्या जागी भाषाशास्त्र घेतलं, तेही श्रेणीऐवजी नुसता ‘समाधानकारक’ शेरा मिळणाऱ्या पद्धतीनं. आवडलं, तिकडेच वळली. तिची परतीची वाट शेवटपर्यंत उघडी होती.

माझं मत विचाराल तर, आपल्याला काय करायचंय हे ठाऊक नसलेल्या मुलाला ही पद्धत मानवते. पण सल्लागाराच्या दारावर टकटक करायला लाजणाऱ्याला नाही. तिथं बरंचसं स्वतःहूनच विचारावं लागतं. ज्याला इंजिनिअरिंगची थोडीशीही शक्यता वाटते, त्यानं विमानात बसण्याआधी त्या पदवीचा सत्रवार तक्ता उघडून पाहावा आणि पहिल्या सत्राच्या दोन जागा त्याला देऊन टाकाव्यात.

तो पुण्याचा मुलगा अर्थशास्त्राचा पदवीधर झाला, आठ सत्रांत.